मोरचुदाच्या पाण्यात तोललेली वीज

१८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून एडिसनच्या कंपनीने घराघरांत वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा बिल आकारायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. फिरती चकती असलेले मीटर अजून यायचे होते. एडिसनने जो मीटर बसवला त्यात काटाही नव्हता आणि आकडेही नव्हते. त्यात होत्या काचेच्या बरण्या, झिंक सल्फेटचे द्रावण आणि जस्ताच्या पट्ट्या. ग्राहकाच्या विजेचा एक छोटा, ठरलेला हिस्सा या द्रावणातून जाई. महिन्याअखेरीस कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, तराजूत घाली, आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल निघे. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत ऊब देणारा एक दिवाही ठेवलेला असे!

हा तऱ्हेवाईक वाटणारा मीटर विश्वासाने चालला, कारण त्याच्या मागे मायकेल फॅरेडेने १८३०च्या दशकात मांडलेला नियम होता. द्रावणातून जितका विद्युतप्रभार जातो, तितक्याच प्रमाणात धातू पट्टीवर बसतो. पट्टी लहान की मोठी, भांडे रुंद की अरुंद, याने त्या हिशेबात फरक पडत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत तांब्याचा मुलामा देताना विद्यार्थी हाच नियम तपासतात.

प्रयोगाची मांडणी साधी आहे. एक लिटर पाण्यात साधारण १२५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विरघळवायचे आणि त्यात थोडे सल्फ्युरिक आम्ल घालायचे (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही). मुलामा ज्यावर द्यायचा ती पट्टी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायची आणि तांब्याची दुसरी पट्टी धन टोकाला. ऋण पट्टीपाशी आलेला तांब्याचा प्रत्येक आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि तांबे होऊन तिथेच बसतो. त्याच वेळी धन पट्टीतले तांबे विरघळत राहते, त्यामुळे द्रावणाचा निळा रंग फिका पडत नाही.

‘दोन इलेक्ट्रॉन’ या दोन शब्दांवर पुढचा सारा हिशेब उभा आहे. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम भरतो. तांब्याच्या एका मोलला, म्हणजे ६३.५५ ग्रॅमला, त्याच्या दुप्पट प्रभार लागतो. भागाकार केला की उत्तर येते: एका कूलोमला ०.३२९ मिलिग्रॅम तांबे. आणि कूलोम मिळतात ते प्रवाहाला वेळेने गुणून. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चार सेंटिमीटर रुंद तांब्याची पट्टी पाच सेंटिमीटरपर्यंत बुडवली आहे. दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर. प्रवाह अर्धा अँपिअर, वेळ तीस मिनिटे. अर्धा अँपिअर गुणिले १,८०० सेकंद म्हणजे ९०० कूलोम, आणि त्याला ०.३२९ ने गुणले की सुमारे २९६ मिलिग्रॅम. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम धरली, तर हा थर जेमतेम आठ मायक्रॉन जाड भरतो. डोळ्याला लखलखीत नवे तांबे दिसते, पण ते केसाहूनही कितीतरी पातळ असते.

प्रत्यक्षात मात्र अॅमीटरचा काटा अर्ध्यावर तीस मिनिटे स्थिर राहत नाही. बॅटरी उतरते, चिमट्याच्या दातांवर गंज चढतो, द्रावण तापले तर उलट प्रवाह वाढतो. समजा, पाच-पाच मिनिटांनी नोंद केल्यावर प्रवाह ०.५० वरून सावकाश ०.४४ वर उतरलेला दिसला. सरासरी ०.४७ अँपिअर, प्रभार ८४६ कूलोम आणि अपेक्षित तांबे २७८ मिलिग्रॅम. वजनात वाढ ०.२७ ग्रॅम मिळाली, तर नियम छान जुळला म्हणायचे. पण ज्याने सुरुवातीचा ०.५० हाच आकडा शेवटपर्यंत धरला, त्याला नऊ टक्के तांबे ‘गायब’ झालेले दिसेल, आणि तो अहवालात बिचाऱ्या द्रावणाला दोष देईल.

वजनकाट्याचीही मर्यादा आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधीचे आणि नंतरचे अशी दोन वजने होतात, आणि दोन्हींतली अनिश्चितता वजाबाकीत एकत्र येते. ०.२७ म्हणजे खरे तर ०.२६ ते ०.२८ मधले काहीही. अशा वेळी ‘कार्यक्षमता ९७ टक्के’ असे ठासून लिहिण्यात अर्थ नाही. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा मिळवावा, नाहीतर प्रयोग तास-दीड तास चालवावा म्हणजे वाढ मोठी होईल. एकाच वजनाऐवजी चार-पाच वेगवेगळ्या वेळांची वजने घेऊन प्रभाराविरुद्ध आलेख काढला, तर त्या रेषेचा चढ ०.३२९ च्या किती जवळ येतो हे पाहता येते. एका आकड्यापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम.

मग घाई असेल तर पाच अँपिअर सोडून तीन मिनिटांत ९०० कूलोम का संपवू नयेत? कागदावर उत्तर तेच येते. भांड्यात मात्र पट्टीलगतच्या द्रावणातले तांब्याचे आयन संपतात आणि नवे तितक्या वेगाने पोचत नाहीत. उरलेला प्रवाह हायड्रोजन सोडण्यात खर्ची पडतो. पट्टीच्या कडांवर काळपट, भुसभुशीत थर जमतो आणि धुताना पाण्याबरोबर निघून जातो. फॅरेडेचा नियम इथेही मोडलेला नसतो. प्रभाराचा हिशेब पूर्ण जुळतो, फक्त सगळा प्रभार तांब्याच्या खात्यात जमा होत नाही. आपल्या उदाहरणातला दर चौरस सेंटिमीटरला १२.५ मिलिअँपिअर इतका प्रवाह या प्रयोगाला मानवतो. अधूनमधून द्रावण ढवळले की थर आणखी एकसारखा बसतो.

धुण्यातही हात हलका हवा. पट्टी शुद्ध पाण्यात बुडवून काढायची, मग स्पिरिटमध्ये, आणि कोमट हवेत वाळवायची. फडक्याने पुसली तर थर निघतो. ज्योतीवर धरली तर तांब्याचे ऑक्साइड होऊन वजन फुकटचे वाढते. धन पट्टीची घट मोजून हिशेब तपासायचा मोह टाळावा. तिच्यातला गाळ तळाशी पडतो, त्यामुळे ती घट बहुधा हिशेबापेक्षा जास्त भरते.

सर्वांत फसवा असतो तो लोखंडी खिळा. मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवताच, बॅटरी जोडण्याआधीच, तो तांबूस होतो. लोखंड विरघळून आपली जागा तांब्याला देते. ६३.५ मिलिग्रॅम तांबे बसले तर सुमारे ५६ मिलिग्रॅम लोखंड निघून गेलेले असते, म्हणजे काट्यावर वाढ दिसते ती जेमतेम आठ मिलिग्रॅम. शिवाय आम्ल लोखंडाला खातेच. असा थर नखानेही निघतो. म्हणून वजनाचा हिशेब तपासायचा असेल, तर ऋण पट्टीही तांब्याचीच घ्यावी.

प्लेटिंगच्या कारखान्यात लोखंडाला मुलामा देताना आधी सायनाइड असलेल्या द्रावणात तांब्याचा पातळ थर चढवण्याची पद्धत रूढ आहे. हे द्रावण अतिविषारी असल्याने ते शाळेच्या प्रयोगशाळेत येताच कामा नये. त्यात तांब्याचा आयन एकच इलेक्ट्रॉन मागतो, त्यामुळे एका कूलोमला ०.६५९ मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट तांबे बसायला हवे. पण तिथे बराच प्रवाह हायड्रोजनवर जातो, आणि प्रत्यक्षातला थर या दुपटीच्या खालीच राहतो.