फॉर्ममधला तो एक रकाना

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. अयोध्या नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या वहिनी मुलाला आणि एका फॉर्मला घेऊन घरी आल्या. मुलाची केंद्र सरकारच्या एका कार्यालयात निवड झाली होती आणि आता चरित्र सत्यापनाचा फॉर्म भरायचा होता. सगळे रकाने भरून झाले होते, एकच कोरा होता. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला चालला आहे का, कोर्टाने दंड केला आहे का, शिक्षा झाली आहे का, एखादं प्रकरण चालू आहे का, असे प्रश्न तिथे एकाखाली एक छापलेले होते.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांची हाणामारी झाली होती. थान्यात रिपोर्ट लिहिला गेला, कलम ३२३ लागलं, म्हणजे साधी मारहाण. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, पाचशे रुपये दंड भरला आणि घरी आला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नऊ वर्षं झाली. पैसे भरले, विषय संपला. 'नाही' लिहिलं तर काय बिघडलं?"

वकिलीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. आपल्या मंडळातल्या तरुणांनाही तो कधी ना कधी पडेल, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर लिहितो.

एकाच भांडणाचे तीन शेवट

पहिली गोष्ट म्हणजे पाचशे रुपये भरून विषय संपत नाही. गुन्हा कबूल करून भरलेला दंड, रक्कम कितीही लहान असो, कायद्याच्या भाषेत दोषसिद्धी असते. तारखा चुकवायच्या म्हणून पोरं पटकन कबुली देतात आणि नोंद कायमची राहते.

याच भांडणाचा शेवट वेगळा होऊ शकला असता. साधी मारहाण हा तडजोडयोग्य गुन्हा आहे. मार खाणाऱ्याने कोर्टात समझोता मान्य केला असता तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा झाला असता. मग "शिक्षा झाली आहे का" याचं खरं उत्तर "नाही" असतं. "खटला चालला आहे का" याचं मात्र "होय"च राहिलं असतं.

तिसरा मार्ग वकिलाने मागावा लागतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार पहिल्याच आणि लहान गुन्ह्यात कोर्ट आरोपीला दंडाऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. त्या कायद्याचं कलम १२ सांगतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण तिच्यामुळे नोकरीचं दार आपोआप बंद होत नाही.

मुलगा तेव्हा अठरा वर्षांच्या आत असता तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा साध्या प्रकरणातून पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि त्याचं दप्तरही मुदतीनंतर नष्ट करायचं असतं.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणतं

लपवलेल्या जुन्या प्रकरणांवरून नोकऱ्या गेलेल्यांचे खटले वर्षानुवर्षं चालले आणि निकाल एकमेकांशी जुळेनात. म्हणून २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात नियम एकत्र बांधून दिले. सरकारी नोकरीत आजही त्यांचाच आधार घेतला जातो.

त्यातले तीन नियम आपल्या कामाचे आहेत. पहिला, दिलेली माहिती खरी हवी. दुसरा, फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. जे स्पष्ट विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून "लपवलं" असा ठपका ठेवता येत नाही. फॉर्म फक्त चालू प्रकरणांबद्दल विचारत असेल, तर नऊ वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणामुळे "होय" लिहायची गरज नाही. तिसरा, लपवलेली गोष्ट अगदी किरकोळ असेल, म्हणजे तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा सांगितली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता असा लहान गुन्हा, तर अधिकारी ती चूक माफ करू शकतात.

"करू शकतात" हे शब्द नीट वाचा. माफी हा तुमचा हक्क नाही. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयाने तरुण वयातली चूक म्हणून उदार दृष्टी ठेवली होती. उलट २०१८ साली आपल्याच मध्य प्रदेश पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराने जुनं प्रकरण स्वतःहून सांगितलं, समझोत्याने तो सुटलाही, तरी त्याला नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं. वर्दीच्या नोकरीत कसोटी कडक असते, कार्यालयातल्या नोकरीत तितकी नसते.

मग खरं सांगून मिळालं काय? खरं सांगितलं की निर्णय फक्त जुन्या भांडणावर होतो. लपवलं तर भांडण बाजूला राहतं आणि खोटेपणा हाच नवा दोष ठरतो. तो नऊ वर्षं जुना नसतो, कालचाच असतो.

खासगी कंपनीत

खासगी कंपनीने काय विचारावं यावर आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. किती वर्षांनी जुनी शिक्षा विचारात घेऊ नये, हेही कुठे लिहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून तसा कायदा आहे. तिथे प्रौढ माणसाला झालेला साधा दंड एका वर्षाने "संपलेला" धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांत मग तो सांगावा लागत नाही. मुलांशी संबंधित कामांसारखे काही अपवाद आहेत.

आपल्याकडे कंपन्या पडताळणी संस्थांना काम देतात आणि त्या ई-कोर्ट्सवर नावाने शोध घेतात. इथे एक घोळ होतो. नाव-आडनाव सारखं असलेल्या दुसऱ्याच माणसाचं प्रकरण तुमच्या नावावर येतं. असं झालं तर कंपनीकडून प्रकरणाचा क्रमांक मागून घ्या आणि वडिलांचं नाव, वय, पत्ता ताडून लेखी कळवा.

आपल्यापैकी ज्यांची दुकानं, कारखाने आहेत त्यांनाही एक सांगणं आहे. फक्त "गुन्हा आहे का" असं मोघम विचारू नका. शिक्षा झाली का, कशाबद्दल आणि केव्हा, हे विचारा. मग त्या गुन्ह्याचा तुमच्या कामाशी संबंध आहे का ते पाहा. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा ड्रायव्हर नेमताना महत्त्वाची आहे, पण शिवणकामाला माणूस घेताना तिचा काय संबंध? आणि नकार देण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐका.

त्या रकान्यात काय लिहिलं

आम्ही आधी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढली, कारण वहिनींना कलमही नीट आठवत नव्हतं आणि फॉर्ममध्ये अंदाजाने लिहिणं हीसुद्धा चूकच. मुलाला अटक झाली नव्हती, म्हणून अटकेपुढे "नाही". खटला, दंड आणि शिक्षा यांपुढे "होय". चालू प्रकरणापुढे "नाही". सोबत एका पानावर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, कलम, निकालाची तारीख, दंडाची रक्कम, तेव्हाचं वय आणि त्यानंतर एकही प्रकरण नाही, एवढंच लिहिलं. सफाई दिली नाही, दुसऱ्या मंडळाला दोषही दिला नाही.

फॉर्म गेला आहे, उत्तर अजून यायचं आहे. परवा मुलगा भेटला तेव्हा म्हणाला, "काका, तेव्हा कोर्टात कुणी समझोत्याचं सांगितलं असतं तर?" म्हणून तुम्हाला सांगतो. घरातल्या पोरावर असा प्रसंग आलाच, तर पाचशेची नोट काढण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा.