चोवीस अक्षरांत मावलेला खेळ

1987 साली निन्टेंडोचा ‘मेट्रॉइड’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत आला. सॅमस नावाची योद्धा एका परग्रहाच्या पोटातल्या भुयारांमधून वाट काढते, शस्त्रं गोळा करते आणि राक्षसांना संपवते. हा काही एका बैठकीत संपणारा खेळ नव्हता. सॅमस मेली की पडद्यावर चोवीस अक्षरांचा पासवर्ड यायचा. पोरं तो वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी एकेक अक्षर निवडून पुन्हा भरायची.

जपानमधल्या मुलांना मात्र ही लिखापढी करावी लागली नव्हती. तिथे हाच खेळ वर्षभर आधी, 1986 मध्ये, फ्लॉपीसारख्या चकतीवर निघाला होता आणि त्या चकतीवर खेळाची प्रगती साठवता येत होती. चकतीचं ते जोडयंत्र अमेरिकेत विकायला आलंच नाही, त्यामुळे तिथे मेट्रॉइड कार्ट्रिजवर उतरवावा लागला. कार्ट्रिजमधली चिप कारखान्यात एकदाच भरली जाते. यंत्र ती वाचू शकतं, तिच्यावर लिहू शकत नाही. यंत्राची स्वतःची मेमरी जेमतेम 2 किलोबाइट, तीही वीज गेली की कोरी. कार्ट्रिजमध्ये लिहिता येणारी मेमरी आणि ती जिवंत ठेवायला बॅटरी बसवणं शक्य होतं. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’मध्ये तसं केलंही होतं. पण त्यामुळे प्रत्येक नगाचा खर्च वाढायचा. कागद-पेन्सिल खेळणाऱ्याच्या घरी होतीच. साठवणीचं काम तिच्यावर सोपवलं गेलं.

पण एवढा मोठा खेळ चोवीस अक्षरांत मावतो कसा? मावतो, कारण पासवर्डात फक्त काय काय घडलं याच्या खुणा असतात. अमुक शस्त्र मिळालं का? तमुक दार उघडलं का? अशा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका बिटात बसतं : 1 म्हणजे हो, 0 म्हणजे नाही. क्षेपणास्त्रांच्या संख्येला आठ बिट, म्हणजे एक बाइट, पुरतो.

मेट्रॉइडच्या पासवर्डात 64 चिन्हं चालतात : दहा अंक, 26 मोठी आणि 26 छोटी इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्ह आणि आडवी रेघ. प्रत्येक चिन्ह म्हणजे सहा बिट. चोवीस चिन्हांचे झाले 144 बिट, म्हणजेच 18 बाइट. त्यांतल्या पहिल्या सोळांत खेळाची स्थिती असते. सतरावा बाइट सांगतो की ती 128 बिटांची रांग किती घरं सरकवून गोल फिरवली आहे. या फिरवण्यामुळे कुठलं अक्षर कशासाठी आहे, हे नुसतं पाहून ओळखता येत नाही. अठराव्यात पडताळणीची बेरीज असते, वाण्याच्या बिलाखाली असते तशी. आधीच्या सतरा बाइटांची बेरीज करून 256 ने भागायचं आणि उरेल ती बाकी इथे लिहायची. खेळाडूने शून्याच्या जागी ओ भरला, तर बाकी जवळजवळ नेहमीच जुळत नाही आणि खेळ पासवर्ड नाकारतो.

खेळाडूंमध्ये गाजलेला हा पासवर्ड त्या कसोटीला लावून पाहण्यासारखा आहे :

```
JUSTIN BAILEY
------ ------
```

इथे J म्हणजे 19, बिटांत 010011. U म्हणजे 30, बिटांत 011110. यांतले पहिले आठ बिट घेतले की पहिला बाइट मिळतो, 77. आडवी रेघ म्हणजे 63, सहाही बिट 1. शेवटी रेघाच रेघा असल्यामुळे सतरावा आणि अठरावा हे दोन्ही बाइट 255 होतात. 128 घरांच्या गोल रांगेत 255 घरं फिरणं म्हणजे उलट्या दिशेने एकच घर सरकणं. तेवढं परत सरकवून सोळा बाइटांची बेरीज केली की येतात 3072, म्हणजे बरोबर बारा वेळा 256. बाकी शून्य. त्यात सतराव्याचे 255 मिळवले की बाकी 255, आणि अठराव्या बाइटातही तेच लिहिलेलं आहे! अक्षरं कशीही भरली तर बेरीज जुळण्याची शक्यता 256 मध्ये एक. हे नाव त्यातून पार पडतं. उलगडलेल्या नवव्या बाइटात ‘नॉरफेअरमध्ये सुरुवात’ आणि ‘चिलखताविना सॅमस’ या दोन्ही खुणा 1 आहेत. म्हणूनच हा पासवर्ड भरला की सॅमस चिलखत न घालता थेट नॉरफेअर नावाच्या खोल भागात उभी राहते.

या बचतीची किंमतही खेळाडूलाच मोजावी लागे. ऊर्जेच्या किती टाक्या मिळाल्या हे पासवर्डात होतं. त्या किती भरलेल्या आहेत हे नव्हतं. त्यामुळे टाक्या सहा असल्या तरी पासवर्ड भरल्यावर सॅमस उठायची ती 30 ऊर्जेवरच, आणि त्या भरण्यासाठी बारीकसारीक किडे मारत बसण्यात बराच वेळ जायचा. 1991 मध्ये गेम बॉयवर आलेल्या दुसऱ्या मेट्रॉइडच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती आणि भुयारात ठिकठिकाणी प्रगती साठवण्याच्या जागा होत्या. तिथे ऊर्जेचा आकडाही जसाच्या तसा राहायचा.