ढोलीतील बंदिवास : महाधनेशाची वीण आणि आपली जुनी झाडे

सह्याद्रीच्या उतरणीवर, विशेषतः सिंधुदुर्ग, गोमंतक आणि कारवार ह्या प्रांती ज्यांची जमीन आहे, त्यांस महाधनेश हा पक्षी परिचित असावयाचा. पुष्कळ ठिकाणी लोक त्यास ‘गरुड’ म्हणतात. परंतु गरुडाशी त्याचे काही नाते नाही. चोचीपासून शेपटाच्या टोकापर्यंत साडेतीन ते चार फूट लांबीचा, तीन किलोच्या आसपास वजनाचा, पिवळ्याधमक बाकदार चोचीचा आणि चोचीवर टोपासारखे पोकळ शिंग मिरविणारा हा पक्षी उडू लागला की त्याच्या पंखांचा घोंघावता आवाज पाव मैलावरूनही कानी येतो. नर व मादी दिसावयास सारखीच. तथापि नराचे डोळे तांबडे व मादीचे पांढुरके असतात, ह्या एका खुणेवरून दोघांतील भेद ओळखता येतो.

ह्या पक्ष्याची वीण करण्याची रीत इतर पाखरांहून अगदी निराळी आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते, आणि सुमारे तीन महिने स्वतःला कोंडून ठेविते. तितका काळ नर बाहेरून एका चिंचोळ्या फटीतून तिला अन्न पुरवितो. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या बांधावर, राईत किंवा मालकीच्या रानात अशी झाडे उभी असल्यामुळे ही हकीकत त्यांनी मुळापासून जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ढोलीविषयी. धनेशाची चोच मोठी असली तरी आतून पोकळ व हलकी असते. सुतारपक्ष्याप्रमाणे जिवंत लाकूड कोरण्याचे बळ तिच्यात नाही. त्यामुळे आयती ढोली मिळाल्यावाचून त्याचा संसार उभा राहत नाही. मोठी फांदी वाऱ्याने मोडावी, त्या जखमेतून पाणी मुरावे, गाभा कुजावा, आणि अशी अनेक वर्षे लोटल्यावर तीन किलोच्या पक्ष्यास बसता येईल एवढी पोकळी व्हावी, असा तो प्रकार आहे. बेहडा, आंबा ह्यांसारख्या जुन्या, थोर घेराच्या झाडांतच ती सापडते. एकदा मनासारखी ढोली मिळाली म्हणजे जोडपे वर्षानुवर्षे तीच वापरते. लाकडाच्या हिशेबाने जे झाड पोकळ, म्हणून निरुपयोगी, तेच ह्या पक्ष्याचे एकमेव घर होय.

पौषाच्या सुमारास जोडपे ढोलीभोवती घिरट्या घालू लागते. नर मादीस फळे भरवितो, मादी ढोलीत डोकावते, आत जाऊन बाहेर येते, आणि अखेर एके दिवशी अंग आकसून आत शिरते ती तेथेच राहते. मग भिंत बांधण्याचे काम सुरू होते. गवंडी मादीच. तिचा चुना म्हणजे मुख्यतः तिची स्वतःची विष्ठा. त्यात फळांचा चोथा व ढोलीतील लाकडाचा भुसा मिसळतो. चोचीच्या कडेने थापटून ती हा गिलावा दाराच्या कडांपासून आतल्या बाजूस लावीत येते. काही दिवसांत दार बुजते व गिलावा वाळून इतका कठीण होतो की बोटाने उकरून निघत नाही. मध्यभागी उभी, चोचीचे टोक बाहेर येईल एवढीच फट राहते.

ह्या भिंतीचा उपयोग उघड आहे. वानर, रानमांजरासारखी झाडावर चढणारी जनावरे, घोरपड, तसेच ढोलीवर टपलेली दुसरी धनेशाची जोडी, ह्यांपैकी कोणासही आत शिरता येत नाही. फटीशी कोणी आलेच तर समोर मादीची चोच असते. ढोलीचा तळ फटीच्या खाली असल्याने अंडे बाहेरच्या हाताला लागत नाही. फट उभी असल्यामुळे खालून गार हवा आत व वरून ऊन हवा बाहेर, असा वारा खेळता राहतो. घाणीचीही व्यवस्था आहे : मादी फटीकडे पाठ करून विष्ठा जोराने बाहेर फेकते. पिल्लूही पुढे हेच शिकते. त्यामुळे एवढा दीर्घ काळ दोन जीव कोंडून राहूनही आत दलदल माजत नाही.

कोंडून घेतल्यावर मादीची पिसे गळतात व नवी येऊ लागतात. इतर पक्षी पिसे थोडीथोडी बदलतात, कारण त्यांना उडणे सोडून चालत नाही; हिला उडावयाचेच नसते. परंतु ह्यातच धोका आहे. भिंत फोडण्याचे सामर्थ्य तिच्या चोचीत असते. म्हणून ती खरोखरीची कैदी नव्हे. मात्र पिसे झडलेल्या स्थितीत ती बाहेर आली तरी तिला उडता येत नाही. त्या काळात तिचे व पिल्लाचे जीवित सर्वस्वी एका नरावर अवलंबून असते.

नराचा दिनक्रम पाहण्यासारखा असतो. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ह्यांची फळे हे त्याचे मुख्य धान्य. ती तो गिळून घशात साठवितो, ढोलीच्या दाराशी येऊन सालीला नख्यांनी धरून बसतो, आणि मान झटकून एकेक फळ घशातून चोचीच्या टोकाशी आणितो. मादी ते फटीतून अलगद उचलते. एका खेपेत अशी डझनावारी फळे निघतात. पिल्लू जन्मल्यावर मात्र फळांबरोबर सरडे, उंदीर, लहान साप, मोठे किडे, प्रसंगी दुसऱ्या पाखरांची पिल्लेही येऊ लागतात. कारण वाढत्या अंगास मांसाचे पोषण लागते.

आता एका घरट्याचा हिशेब मांडून पाहू. वर्ष व प्रदेश ह्यांप्रमाणे तारखा मागेपुढे होतात. तथापि कालमान साधारण असेच असते. समजा, मादी १० जानेवारीस आत गेली. सहा दिवसांनी, १६ जानेवारीस, अंडे घातले. अंडी एक किंवा दोन असतात. परंतु बहुधा एकच पिल्लू वाढीस लागते. उबवणीस ३८ ते ४० दिवस लागतात. म्हणजे २४ फेब्रुवारीच्या सुमारास पिल्लू बाहेर येईल. ते उघडेनागडे व आंधळे असते. ते अर्धेअधिक वाढून आईची नवी पिसे पुरी झाली की, मध्य एप्रिलच्या सुमारास, आई भिंत फोडून बाहेर पडते. येथवर तिला आत ९५ दिवस झाले. विशेष आश्चर्य ह्यापुढे आहे : आई गेल्यावर आतले पिल्लू, कोणी न शिकविता, आपल्याच विष्ठेने दार पुन्हा लिंपून घेते. त्यानंतर आईबाप दोघेही चारा आणितात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लू स्वतः भिंत फोडून उडते. एकूण चार महिने गेले आणि निष्पन्न एक पिल्लू.

आपल्याकडील दुसरा मोठा धनेश, ज्यास कोकणात ‘ककणेर’ म्हणतात, त्याची रीत थोडी वेगळी आहे. त्याची मादी पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत त्यांच्याबरोबरच आत राहते. त्यामुळे तेथे नरावरचा भार शेवटपर्यंत एकट्याचाच असतो.

हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे नुकसान कसे होते हे समजते. जोडप्याचे वर्षाचे सारे उत्पन्न एक पिल्लू; ते गेले तर त्या वर्षी दुसरी वीण होत नाही. पक्षी दीर्घायुषी आहे, म्हणूनच ही मंद वाढ आजवर पुरली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत कारवारकडून आलेला एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत जगला, आणि त्याचेच चित्र त्या संस्थेची मुद्रा झाले. परंतु दीर्घ आयुष्यालाही ढोली पाहिजे व फळे पाहिजेत.

आपल्या शेतकीच्या वेळापत्रकाची व ह्या विणीची गाठ नेमकी वाईट ठिकाणी पडते. माघापासून चैत्रापर्यंत आपण राबासाठी कवळ तोडतो, पालापाचोळा जाळतो, लाकूडतोडीचे सौदेही त्याच दिवसांत करितो. मादी आत असते ती ह्याच काळात. झाड पाडले तर ती झाडाबरोबर पडते. बुंध्याशी राब भाजला तर धूर फटीतून आत भरतो व तिला पळता येत नाही. कोणी बाहेर नरास मारले, तर गोळी एक व घात तीन जिवांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धनेशाची शिकार गुन्हा ठरविली आहे. धनेशाच्या चरबीने संधिवात बरा होतो ह्या समजुतीपायी त्याचे प्राण घेणाऱ्यांस हे सांगणे आवश्यक आहे.

तेव्हा पौष ते वैशाख ह्या काळात कोणतेही जुने पोकळ झाड तोडण्यापूर्वी ते नीट तपासावे. झाडावर चढू नये, दार ठोठावू नये. खुणा जमिनीवरच मिळतात. झाडाखाली एकाच बाजूस विष्ठेचा ओला पांढुरका पट्टा, त्यात फळांच्या बियांचा खच, आणि मधूनमधून मोठी काळीपांढरी पिसे पडलेली असली, तर वर दृष्टी टाकावी. फांदीच्या खोबणीत चिखलासारख्या लेपात उभी फट दिसेल. दूर, झुडपाआड तास-दोन तास बसल्यास पंखांचा घोंघाट होऊन नर येईल. बियांचा खच जुना व कोरडा, वर ताजा थर नाही, आणि दिवसभर बसूनही नर फिरकला नाही, तर घरटे निकामी झाले किंवा पिल्लू उडून गेले असे समजावे. मे संपल्यावर दार फुटलेले दिसले तर पिल्लू सुखरूप गेल्याचे ते चिन्ह होय. तरीही ते झाड राखावे, कारण पुढल्या पौषात जोडपे तेथेच परत येण्याचा संभव असतो.

ह्या खचाकडे शेतकऱ्याच्या नजरेनेही पाहावे. पावसाळ्यात तेथे रानझाडांची रोपे दाटून उगवतात. सावलीत ती एकमेकांस मारतात. ज्या बिया नराने वाटेत मैलोगणती टाकिल्या त्या मात्र मोकळ्या जागी रुजतात. जो नांद्रुक आपल्या बांधावर कोणी न लाविता उभा आहे, त्याची पेरणी बहुधा अशाच एखाद्या पाखराने केलेली असते. त्याच नांद्रुकाच्या फळांवर फाल्गुनात ढोलीतील मादी जगते. म्हणून ढोलीचे एक झाड राखावयाचे तर त्याच्या आसपासची वड-उंबराची चार झाडेही राखिली पाहिजेत. नराची खेप फार लांबली, तर सुरक्षित ढोलीतही पिल्लू उपाशी मरते.