पीडीएफ फॉर्म भरता येत नाही? आधी फाइल संगणकात उतरवा

जळगावच्या एमआयडीसीतील चटई कारखानदार असो की धुळ्याचा यंत्रमागवाला, परदेशी गिऱ्हाइकाचे बोलावणे आले की पहिली गाठ पडते ती व्हिसाच्या फॉर्मशी. कॅनडाला भेटीसाठी जायचे असेल तर अनेकदा IMM 5257 हा पीडीएफ फॉर्म भरावा लागतो. तो ब्राउझरमध्ये उघडला की फॉर्मऐवजी बहुधा एकच पान दिसते आणि त्यावर इंग्रजीत "Please wait..." असे लिहिलेले असते. तासभर थांबले तरी पुढे काही येत नाही. इंटरनेट मंद आहे किंवा फाइल बिघडली आहे असे समजून अनेकजण तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवीत बसतात. दोष इंटरनेटचाही नसतो आणि फाइलचाही नसतो.

कारण समजून घेऊ. पीडीएफ फॉर्म दोन जातीचे असतात. साध्या जातीत छापील पानावरच रिकामे रकाने बसविलेले असतात, ते ब्राउझरमध्येही भरता येतात. दुसऱ्या जातीला एक्सएफए म्हणतात. त्यात तयार पान नसतेच. रकान्यांची मांडणी आणि तपासणीचे नियम सूचनांच्या रूपात असतात आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने त्यावरून पान तयार करायचे असते. ज्याला हे जमत नाही तो वर ठेवलेले "Please wait..." चे पानच दाखवितो. फायरफॉक्सने २०२१ पासून असे फॉर्म दाखविण्याची सोय केली आहे. पण व्हिसाच्या कामासाठी अ‍ॅडोबचा मोफत अ‍ॅक्रोबॅट रीडरच वापरावा आणि तोही संगणकावरचा. अ‍ॅडोबचे मोबाइल अ‍ॅप हे फॉर्म उघडत नाही.

आता कृती पाहू. फॉर्मच्या दुव्यावर माऊसचे उजवे बटण दाबून "Save link as" निवडावे व फाइल एका ठराविक फोल्डरमध्ये ठेवावी. ब्राउझर बंद करून त्या फोल्डरमध्ये जावे. येथेच बहुतेकजण चुकतात. फाइलवर दोनदा क्लिक केले की ती पुन्हा ब्राउझरमध्येच उघडते, कारण विंडोज १० व ११ मध्ये पीडीएफसाठी एज हाच ब्राउझर आधीपासून नेमलेला असतो. म्हणून फाइलवर उजवे बटण दाबून "Open with" मधून अ‍ॅक्रोबॅट रीडर निवडावा. वर पिवळी पट्टी येऊन "Enable All Features" असे विचारले, तर फाइल सरकारी संकेतस्थळावरूनच घेतली असल्याची खात्री करून मगच होकार द्यावा.

रकाने भरून झाले की "Validate" बटण दाबावे. काही राहिले असेल तर फॉर्म तसे सांगतो. सर्व बरोबर असेल तर शेवटी बारकोडचे पान तयार होते. हीच खरी खूण आहे. बारकोड आला नाही तर फॉर्म अपुरा आहे असे समजावे. त्यानंतर "Save" करून तीच फाइल पाठवावी. "Print" मध्ये जाऊन "Save as PDF" करू नये. तसे केल्यास फॉर्मचे नुसते चित्र उरते आणि रकाने मरतात. कोरा फॉर्म छापून पेनाने भरणे ही तर त्याहून मोठी चूक होय.

साध्या जातीचा फॉर्म ब्राउझरमध्ये भरला तरी एक धोका राहतो. क्रोममध्ये फाइल उतरवताना "With your changes" व "Without your changes" असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडला की कोरा फॉर्म हाती येतो आणि तो तसाच ईमेलने रवाना होतो. म्हणून पाठविण्यापूर्वी फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहावी.

काही पीडीएफमध्ये रकानेच नसतात, तो नुसता छापील कागद असतो. रीडरमध्ये उघडूनही कर्सर कोठेच थांबत नसेल तर तो याच प्रकारातला समजावा. त्यासाठी रीडरमधील "Fill & Sign" वापरून कागदावर अक्षरे ठेवता येतात.

आपल्याकडे हा अनुभव अगदी नवा नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाचे ई-फॉर्म २००६ पासून वर्षानुवर्षे अशाच पीडीएफ स्वरूपात भरले गेले. एलएलपीचे फॉर्म मार्च २०२२ मध्ये थेट संकेतस्थळावर आले. त्यामुळे सीएच्या कार्यालयातील संगणकावर रीडर बहुधा सापडतो. घरी संगणक नसेल तर तेथे किंवा नेट कॅफेत काम होईल. नेट कॅफेत मात्र भरलेली फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तेथील प्रत रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. त्या फाइलमध्ये आपला पासपोर्ट क्रमांक आणि घरचा पत्ता असतो.