रेंज पूर्ण, नेट बंद

जपानची सहल करून मुंबईत परतलेल्या आमच्या शेजारच्या काकांच्या आयफोनवर रेंजच्या चारही दांड्या दिसत होत्या. फोन लागत होते, बँकेचे ओटीपी येत होते, घरच्या वायफायवर सगळं सुरळीत होतं. पण घराबाहेर पाऊल टाकलं की व्हॉट्सॲपवर साधा मेसेजही जाईना. सिम खराब झालं असं समजून ते नवं सिम घ्यायला निघाले होते.

सिम ठणठणीत होतं. दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत जोरात पोचतोय. इंटरनेट मिळायला त्यापुढची एक पायरी लागते. फोनला कंपनीकडे एका ठरावीक नावाने डेटा मागावा लागतो. त्या नावाला एपीएन म्हणतात. जिओचं ते `jionet`, एअरटेलचं `airtelgprs.com`. कॉल आणि एसएमएसची वाट वेगळी असते, म्हणून हे नाव चुकलं तरी फोन वाजत राहतो आणि नेट तेवढं बंद पडतं.

काकांनी टोकियोत स्वस्त डेटा सिम घेतलं होतं. तिथल्या अनेक छोट्या कंपन्या मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क भाड्याने घेऊन सिम विकतात. आयफोनला त्यांचं एपीएन कळावं म्हणून त्या एक प्रोफाइल फोनमध्ये टाकायला सांगतात. सिम काढलं तरी हे प्रोफाइल फोनमध्येच राहतं. भारतातलं सिम परत घातल्यावरही काकांचा फोन जपानी कंपनीच्याच नावाने डेटा मागत होता.

Settings मध्ये General, त्यात VPN & Device Management उघडलं, तर त्या कंपनीचं प्रोफाइल तिथेच होतं. ते काढून फोन बंद करून चालू केला आणि नेट आलं. नाव वाचल्याशिवाय मात्र काहीही काढू नका. ऑफिसने टाकलेलं प्रोफाइलही याच जागी असतं, आणि ते गेलं तर ऑफिसचा ईमेल बंद पडू शकतो.

अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये Access Point Names असतं. तिथे परदेशात काही बदललं असेल, तर Reset to default दाबलं की मूळ नाव परत येतं.

सहलीत ई-सिम वापरलं असेल, तर आधी मोबाइल डेटा कोणत्या सिमवर आहे ते पाहा. मुदत संपलेल्या ई-सिमवरच तो राहिला, तर भारतीय सिमच्या दांड्या पूर्ण असूनही नेट मिळत नाही. परदेशात असताना डेटा रोमिंगचीही अशीच गल्लत होते. तिथे वापरायचं ई-सिम बऱ्याचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. त्यामुळे रोमिंग त्या ई-सिमवर चालू लागतं आणि भारतीय सिमवर बंद, नाहीतर बिल वाढतं.

एवढं करूनही नेट आलं नाही, तर तुमच्या रिचार्जची मुदत सहलीत संपली नाही ना, ते तपासा. पुढच्या सहलीला निघण्याआधी चालू असलेल्या डेटा आणि एपीएनच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.