डॅशबोर्ड ताजा झाला, पण आकडा खातेवहीशी जुळतो का?

डॅशबोर्ड रिफ्रेश झाला की त्यावरची एकूण विक्री खातेवहीतील विक्री खात्याशी लगेच ताडून पाहावी. दोन्हीकडे जीएसटी वगळलेलाच आकडा घ्यावा.

समजा, एप्रिल ते जुलैची विक्री खातेवहीत ४२,६०,००० रुपये आहे आणि डॅशबोर्डवर ४२,१८,०००. म्हणजे ४२,००० रुपयांचा फरक. महिनावार आकडे शेजारी ठेवले, की तो फक्त मे महिन्यात असल्याचे दिसते. मे महिन्यात राहून गेलेले एक बिल जुलैमध्ये, पण मूळ तारखेनेच नोंदवले गेले. रिफ्रेश मात्र चालू महिन्याच्याच नोंदी आणतो. अशा वेळी मागचे महिनेही पुन्हा आणावे लागतात.

एकूण बेरीज जुळली, तरी महिनावार तपासणी सोडू नये. एका महिन्यातील जादा रक्कम दुसऱ्यातील तूट झाकू शकते.