पाणी शिरतं ते कडेतून

आमच्या डोंबिवलीच्या घरात बाथरूम एक आणि आंघोळीला पाच जण. पहिल्याची वाफ विरायच्या आत दुसरा टॉवेल घेऊन दारात. दुसऱ्या पावसाळ्यात बेसिनखालचं कपाट तळाशी फुगलं आणि दार मिटेना. वरचा सनमायका मात्र नव्यासारखा कोरा!

सनमायक्यातून पाणी जात नाहीच. ते शिरतं कापलेल्या कडेतून: तळाची फळी, बिजागरीची भोकं, पाइपासाठी पाठीला पाडलेली खाच. दुकानदार समोरची चकचकीत बाजू दाखवतो; आपण दार उघडून तळाला आणि पाठीला बोट फिरवावं. उघडा भुसकट पृष्ठभाग बोटाला लागला, तर ते कपाट कोरड्या खोलीसाठी ठीक.

आमचं कपाट एमडीएफचं होतं. हा लाकडाचा दाबलेला भुगा. एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. प्लाय घ्यायचा तर ‘एमआर’ शिक्क्याला भुलू नये. तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बेसिनखाली आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय हवा, आणि त्याच्याही कडा बंद हव्यात. पीव्हीसी बोर्ड फुगत नाही, पण स्क्रू घट्ट धरत नाही आणि लांब फळी शाम्पूच्या बाटल्यांनी मधोमध वाकते. तिला मध्ये आधार द्यावा लागतो.

शंका असेल तर सुताराकडून कापलेला तुकडा मागून घ्या. कडेची जाडी मोजा, रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी पुन्हा मोजा. मी हेच केलं. एमडीएफचा १८ मिलिमीटरचा तुकडा सकाळी २० च्या आसपास भरला, पीव्हीसीचा होता तेवढाच राहिला.

आरशाचंही दुखणं कडेचंच. ‘पारा उडाला’ म्हणतो आपण, पण आजच्या आरशामागे पारा नसून चांदीचा पातळ थर आणि त्यावर रंग असतो. ओल कडेतून आत शिरली की चांदी काळवंडते. खालची कड बेसिनच्या ओट्यावर टेकवली, तर हे लवकर होतं. मध्ये बोटभर फट ठेवावी. चिकटवायला आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, त्यातलं ॲसिड मागचा थर खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेली ट्यूब मागावी.

बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या मागा. चुंबक लावून खात्री करणारे दुकानदार भेटतील. हलक्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा ती परीक्षा फोल. बिलावर ‘३०४’ लिहून घेतलेलं बरं.

नवं कपाट आम्ही जमिनीपासून हातभर वर टांगलंय. खालून पोछा फिरतो, वारं खेळतं. आईच्या गोळ्या तेवढ्या आरशामागून काढून हॉलच्या खणात नेल्या. वाफेनं त्यांच्या डबीतही ओल धरत होती.